फोटोत मदत करताना दिसणाऱ्या अनोळखी माणसाचे आभार आयोजकांमार्फत कसे पोचवायचे?

शाल्मली_ग

नमस्कार मंडळी. अर्धमॅरेथॉनमध्ये आत्याला सोळाव्या किलोमीटरच्या आसपास चक्कर आली आणि ती रस्त्याकडेला बसली. आयोजकांनी नेमलेल्या छायाचित्रकाराच्या फोटोत ते दृश्य आलं आहे. तिच्यासोबत दोघं जण दिसतात. एका बाईंनी तिला धरलं आहे, त्यांच्या बिबवरचे शेवटचे तीन आकडे वाचता येतात, पहिला हाताखाली झाकला गेला आहे. दुसरे गृहस्थ बाटली पुढे करताहेत. त्यांच्याकडे बिब नाही, पण टी-शर्टच्या पाठीवर एका धावण्याच्या क्लबचं नाव आहे.

आत्या आता ठणठणीत आहे आणि तिला या दोघांचे आभार मानायचे आहेत. फोटो सगळीकडे फिरवून "यांना ओळखता का?" असं विचारायची तिची इच्छा नाही, माझीही नाही. आयोजक किंवा क्लब यांच्यामार्फत हे नीट कसं करतात? कोणाला लिहायचं, काय द्यायचं, काय देऊ नये?

रणजित_धावतोय

सोपं आहे. निकालाच्या पानावर बिब क्रमांक टाका, नाव येईल. पहिला आकडा माहीत नसला तरी 1 ते 9 घालून बघायचे, नऊच शक्यता. मग समाजमाध्यमांवर नाव शोधून दोन ओळी पाठवा. चांगल्या कामाचे आभार मानायला कोणाची परवानगी कशाला?

मेधा_सहभागी_कक्ष

रणजित, निकालात नाव असतं हे खरं. पण तिथून पुढे दोन गोष्टी बिघडतात. पहिली, बिब नेहमी त्याच माणसाच्या अंगावर असतो असं नाही. आयत्या वेळी एकाच्या जागी दुसरा धावतो, जोडपी आपसात बिब बदलतात, नाव मात्र मूळ नोंदणीचंच राहतं. मग तुमचा निरोप भलत्याच्याच दारात जातो. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. त्या बाई कोणापासून तरी लांब राहात असतील, त्या दिवशी त्या कुठे होत्या हे घरी किंवा कामाच्या ठिकाणी कळू नये असं त्यांना वाटत असेल, तर अनोळखी माणसाचा "मी तुम्हाला फोटोवरून शोधलं" हा निरोप त्यांना आभारासारखा वाटणार नाही, धास्ती वाटेल. तुमच्या मनात काय आहे हे त्यांना कसं कळणार?

शाल्मली, आयोजकांकडून त्यांचं नाव मागू नका, निरोप पुढे पाठवायची विनंती करा. सगळा फरक इथेच पडतो. नाव मागितलं की आयोजकांच्या सहभागी कक्षातला माणूस "माहिती देता येत नाही" असं ठरलेलं उत्तर पाठवून मोकळा होतो आणि ते बरोबरच आहे. निरोप पुढे पाठवायला मात्र त्याला कोणाचीच माहिती उघड करावी लागत नाही. त्याच्याकडे नोंदणीतला ईमेल असतो, तो तुमचं पत्र त्यावर पाठवतो आणि उत्तर द्यायचं की नाही हे त्या बाई ठरवतात.

आणि सगळ्यात आधी आत्याबाईंची संमती, नुसती "आभार माना" एवढी नाही. चक्कर आली होती हे पत्रात लिहायचं का, त्यांचं पूर्ण नाव घालायचं का, फोटो जोडायचा का, हे तिन्ही वेगवेगळे विचारा.

बाळासाहेब_क

माझाही असाच प्रश्न आहे. माझा फोटो आयोजकांच्या पानावर आहे आणि तो मला काढून टाकायचा आहे. कोणाला सांगावं?

मेधा_सहभागी_कक्ष

बाळासाहेब, तुमचा विषय वेगळा आहे. थेट छायाचित्रकाराच्या संकेतस्थळावरच्या संपर्क पानावर फोटो क्रमांक देऊन लिहा, आयोजकांना प्रत पाठवा. पुढचं नव्या धाग्यात विचारलंत तर बरं.

तिसरी_लेन

वेळेवरूनही शोधता येईल की. फोटोच्या फाइलमध्ये DateTimeOriginal या नावाखाली वेळ असते. आत्याबाईंची पंधरा किलोमीटरची नोंद 1 तास 45 मिनिटं असेल आणि शर्यत 6 ला सुटली असेल, तर तिथल्या वेळ नोंदवणाऱ्या मॅटवर त्या 7:45 ला होत्या. फोटो 8:04 चा असेल तर 19 मिनिटं गेली, म्हणजे जागा सतराच्या पुढे. सोळावा किलोमीटर नसणार.

शाल्मली_ग

आकडे जवळपास असेच आहेत! चिपची नोंद 1:45 आणि फाइलमध्ये वेळ 8:04. पण मागे सोळाची पाटी दिसते आहे, मग गडबड कुठे?

कानोसा

तिसरी_लेन यांची पद्धत बरोबर, एक दुवा सुटला. निकालात दोन वेळा असतात. बंदूक सुटल्यापासूनची वेळ वेगळी आणि तुमच्या पायाने सुरुवातीची मॅट ओलांडल्यापासूनची चिपची वेळ वेगळी. गर्दीच्या शर्यतीत मागच्या गटातला माणूस सुरुवातीच्या रेषेवर दहा-पंधरा मिनिटांनी पोचतो. आत्याबाई 6:12 ला रेषेवर आल्या असतील तर पंधराच्या मॅटवर 7:57. फोटो 8:04 चा, म्हणजे सात मिनिटांनंतरचा. 1:45 मध्ये पंधरा म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं, म्हणून जागा बरोबर सोळाव्यावर येते. पाटी खरं बोलते आहे.

तरीही कॅमेऱ्याच्या घड्याळावर आंधळा विश्वास ठेवू नका. काही छायाचित्रकार घड्याळ लावतच नाहीत, कोणाचं पूर्ण तासाने मागेपुढे असतं. त्याच कॅमेऱ्यातला, ज्याची मॅटवरची वेळ माहीत आहे अशा माणसाचा मॅटवर काढलेला फोटो असेल, तर घड्याळ किती चुकतं हे ताडता येतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत ही वेळ राहात नाही. स्क्रीनशॉट घेतला तर स्क्रीनशॉटचीच वेळ लागते. मूळ फाइल ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून मागवा.

मेधा_सहभागी_कक्ष

कानोसा, मांडणी छान. पण शाल्मली, हा हिशोब तुम्ही उमेदवार छाटायला वापरू नका, तो आयोजकांना नेमकी जागा आणि वेळ सांगण्यापुरता ठेवा. छाटणी त्यांच्याकडे एका मिनिटात होते. समजा बिबचा शेवट 417 आहे. बिबच्या पट्टीचा रंग अर्धमॅरेथॉनचा, म्हणून समजा 1417, 2417, 3417 आणि 4417 एवढेच त्या रंगात छापलेले. आता पंधरा आणि अठरा किलोमीटरच्या मॅटमधलं अंतर बघायचं. 2417 वाल्या बाई पहिले पंधरा किलोमीटर किलोमीटरला सहा मिनिटांनी आल्या, म्हणजे पुढच्या तीनला साधारण 18 मिनिटं हवीत. त्यांना 31 लागली, आणि त्या 8:04 ला याच टप्प्यात होत्या. बाकीचे तिघं तेव्हा दुसरीकडेच. म्हणजे तेरा मिनिटं कुठे गेली ते कळलं.

हे अर्थात पक्कं नाही. पायात गोळा आला, शौचालयाच्या रांगेत थांबल्या, तरी तेवढाच वेळ जातो. म्हणूनच पुढे पाठवलेल्या निरोपात "तुम्हीच मदत केलीत" असं न लिहिता "त्या वेळी तिथे मदत करणाऱ्या तुम्ही असाल तर हे पत्र तुमच्यासाठी आहे" असं लिहायचं. चुकीच्या माणसाकडे गेलं तरी कोणाचं काही बिघडत नाही.

रणजित_धावतोय

मेधाताई, बिब बदलण्याचा मुद्दा पटला. पण निकाल आयोजक स्वतःच जाहीर करतात, मग नाव बघणं गैर कसं? मला अजून पटलेलं नाही.

मेधा_सहभागी_कक्ष

नाव बघणं गैर नाही. निकाल, फोटो आणि समाजमाध्यमावरचं खातं या तिन्ही गोष्टी एकत्र जोडणं हे त्या माणसाने मान्य केलेलं नाही. चेहऱ्यावरून शोधणारी संकेतस्थळं तर त्याहून वाईट. ती मिळताजुळता चेहराही खात्रीने पुढे करतात आणि तुम्ही भलत्याच बाईंना लिहून बसता.

हेमांगी_वि

मी थोडं वेगळं विचारते. मुलांच्या मेळाव्यात माझा मुलगा हरवला होता, एका बाईंनी त्याला मंचापाशी आणून सोडलं. फोटो आहे, पण त्यात आणखी सहा मुलं आहेत. पालकांच्या गटात टाकू का?

कानोसा

हेमांगीताई, फोटो टाकूच नका. वेळ, मंचाची बाजू आणि "निळ्या ओढणीतल्या बाई" एवढं पुरतं. गटात पाहणाऱ्यांमध्ये कोण आहे हे तुम्हाला माहीत नसतं आणि त्या सहा मुलांच्या पालकांना तुम्ही विचारलेलं नाही. मंचावरच्या सूत्रसंचालकांना विचारा. हरवलेल्या मुलाची घोषणा त्यांनीच केली असणार, तेव्हा सोडायला कोण आलं हे त्यांना आठवत असेल.

अबोली_से

शाल्मलीच्या दुसऱ्या माणसाबद्दल लिहिते, कारण क्लबचे गट कसे चालतात हे मला जवळून माहीत आहे. बिब नाही म्हणजे ते प्रेक्षक होते, आपल्या मित्रासोबत कडेने धावणारे होते किंवा स्वयंसेवक होते. स्वयंसेवकांचा टी-शर्ट सहसा आयोजकांचा असतो. यांच्या पाठीवर क्लबचं नाव आहे, म्हणून आयोजकांकडे त्यांची नोंद सापडायची शक्यता कमी. इथे क्लबच्या अ‍ॅडमिनकडे जायचं.

गटात स्वतः शिरून लिहू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या गटात तुमचा नंबर प्रत्येक सदस्याला दिसतो. क्लबचं कम्युनिटी असेल तर तिच्या घोषणांच्या गटात नंबर झाकलेले असतात, पण तिथे लिहिणं अ‍ॅडमिनच्याच हातात असतं. फेसबुकच्या गटात निनावी पोस्टची सोय सुरू ठेवली असेल तर इतर सदस्यांना नाव दिसत नाही, अ‍ॅडमिन आणि मॉडरेटरना दिसतं. म्हणून सगळ्यात साधा मार्ग, अ‍ॅडमिनला खासगीत लिहा, मजकूर त्यांनीच टाकावा आणि उत्तरं त्यांच्याकडेच खासगीत यावीत. खाली टिप्पण्या बंद ठेवायला सांगा. नाहीतर कोणीतरी प्रेमाने "अरे हे तर आपले अमुक!" म्हणून पूर्ण नाव लिहून मोकळं होतं आणि त्या गृहस्थांना नको असलं तरी ते बाहेर पडलेलं असतं.

तिसरी_लेन

पण फोटोशिवाय लोकांना आठवणार कसं? चेहऱ्यावर काळी रेघ मारून टाकला तर चालेल ना?

अबोली_से

माझ्या मते नको. टाकायचाच असेल तर रेघ कशी मारता ते महत्त्वाचं. फोनमधलं मार्कर बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतं, उजेड वाढवला की खालचा चेहरा दिसतो. भरीव काळा चौकोन वापरा, आणि तोही चेहऱ्यावर, बिबवर, मागच्या गाडीच्या क्रमांकावर. कापलेल्या भागाचंही तसंच. 2023 मध्ये पिक्सेल फोनच्या मार्कअपमधली त्रुटी उघड झाली होती. तिच्यामुळे कापलेल्या स्क्रीनशॉटचा काही भाग परत मिळवता येत होता, कारण जुना मजकूर फाइलच्या शेपटीत तसाच राहात होता. चौकोन टाकून झाल्यावर त्या चित्राचा नवा स्क्रीनशॉट घेऊन तोच पाठवला की खालचं काही सोबत जात नाही आणि ठिकाणाची नोंदही गळते.

शाल्मली_ग

म्हणजे क्लबला फोटो न देता नुसतं वर्णन? आणि खोटंच कोणी "मीच तो" म्हणालं तर?

मेधा_सहभागी_कक्ष

फोटोऐवजी फोटोचा क्रमांक द्या. छायाचित्रकाराच्या पानावर प्रत्येक फोटोला क्रमांक असतो, अ‍ॅडमिनला हवं तर तो स्वतः उघडून बघेल. शिवाय तो फोटो छायाचित्रकाराचा आहे. स्वतःपुरता विकत घेतला तरी गटात टाकायचा हक्क त्यात आपोआप येत नाही. क्रमांक दिलात तर हा प्रश्नच उरत नाही.

खोट्या दाव्यासाठी एक तपशील स्वतःकडे राखून ठेवायचा. बाटली चालणार नाही, ती फोटोत दिसते आणि तुम्ही इथेही लिहिली आहे. फोटोत नसलेलं काहीतरी घ्या. त्यांनी काय म्हटलं, आधी कोणाला हाक मारली, आत्याबाईंना कोणत्या बाजूला बसवलं. इथे मात्र लिहू नका. दावा करणाऱ्याला "तुम्हाला काय आठवतं ते सांगा" एवढंच विचारायचं. "तुम्हीच का ते रुमाल देणारे?" असं विचारलं तर उत्तर तुम्हीच देऊन टाकता. बोलणं सुरू होताच कोणी पैसे, ओटीपी किंवा घरचा पत्ता मागितला तर तिथेच थांबा.

कानोसा

एक अडचण लक्षात ठेवा. चक्कर आलेल्या माणसाची आठवण धूसर असते. आत्याबाईंना रुमाल आठवत असेल आणि तो प्रत्यक्षात टोपी असेल. म्हणून दोन तपशील ठेवा, एक जुळला तरी पुरे. आणि खरा माणूस "मला काही आठवत नाही, मी फक्त थांबलो होतो" म्हणेल, हेही शक्य आहे. निरोप पोचवायला तेवढं चालेल. भेटायचं असेल तर मात्र नाही.

रमा_पाटकर

आभारासोबत एखादी भेटवस्तू पाठवावी का? नुसतं पत्र कोरडं वाटतं.

अबोली_से

आयोजक आणि क्लब वस्तू पुढे पाठवायला सहसा नाही म्हणतात, कारण त्यांना पत्ता काढावा लागतो आणि जबाबदारी येते. पैसे तर नकोच. मदत करणारी व्यक्ती वैद्यकीय पथकातली निघाली तर तिला भेट स्वीकारता येईलच असं नाही. तिथे पथकप्रमुखाला लिहिलेलं पत्र जास्त उपयोगी, ते तिच्या नोंदीत राहतं.

रमा_पाटकर

मी तरी विचारून बघेन. "भेट स्वीकाराल का?" असं पत्रात विचारण्यात काय वावगं? ज्यांना आवडेल ते हो म्हणतील.

मेधा_सहभागी_कक्ष

रमाताई, विचारायला हरकत नाही, पण पहिल्या पत्रात नको. नाही म्हणण्याचं ओझं त्यांच्यावर पडतं. त्यांच्याकडून उत्तर आलं तर मग बघा.

शाल्मली, पत्र केव्हा पाठवता तेही महत्त्वाचं. शर्यतीनंतरचा पहिला आठवडा कक्षात निकालाच्या दुरुस्त्या, न मिळालेली पदकं, फोटो सापडत नाहीत यांचा पूर येतो. दुसऱ्या आठवड्यात पाठवा. फार उशीरही नको, तात्पुरते नेमलेले लोक निघून जातात आणि स्वयंसेवकांच्या याद्या बंद होतात. विषयाच्या ओळीतच "तक्रार नाही" लिहा, म्हणजे ते पत्र दुरुस्त्यांच्या ढिगात जात नाही. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकच आठवण. नंतर थांबा. बाईंचं उत्तर नाही आलं तर त्यांना आठवण पाठवायचीच नाही, त्यांनी वाचलं आणि तेवढंच त्यांना हवं होतं, असं समजा.

शाल्मली_ग

आत्याला विचारलं. पूर्ण नाव नको, "चक्कर" लिहिलं तर चालेल, फोटो जोडायचा नाही, क्रमांक द्यायचा. मसुदा असा केला आहे:

"विषय: आभार पोचवण्याची विनंती (तक्रार नाही). महोदय, अर्धमॅरेथॉनमध्ये सोळाव्या किलोमीटरजवळ सकाळी 8:04 च्या सुमारास एका धावपटू बाईंना चक्कर आली. फोटो क्र. (इथे क्रमांक) मध्ये त्यांना धरून बसलेल्या बाईंच्या बिबचा शेवट 417 असा दिसतो. आम्हाला त्यांचं नाव किंवा संपर्क नको. खालचं पत्र शक्य असल्यास आपण त्यांना पाठवावं. 'त्या वेळी तिथे थांबलेल्या तुम्ही असाल तर हे पत्र तुमच्यासाठी आहे. तुमची स्वतःची वेळ गेली तरी तुम्ही मला सोडून गेला नाहीत. मी बरी आहे, आणि मनापासून आभार. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. द्यावंसं वाटलं तर आयोजकांमार्फत किंवा या ईमेलवर द्या.' "

ईमेल नवा उघडला आहे, त्यात नाव किंवा नंबर नाही. क्लबसाठी हेच, बिबची ओळ काढून "बाटली पुढे करणारे, तुमच्या क्लबचा टी-शर्ट घातलेले गृहस्थ" असं.

कानोसा

छान झालं आहे. "417 असा दिसतो" च्या पुढे "पहिला आकडा झाकलेला आहे" जोडा, नाहीतर कक्षातला माणूस 417 क्रमांकाचा बिब शोधेल आणि तो भलत्याच गटातल्या कोणाचा तरी निघेल.

रणजित_धावतोय

आणि बिबच्या पट्टीचा रंगही लिहा, त्यांचं काम कमी होईल. नाव शोधण्याबद्दल माझं मत अजून तसंच आहे, पण मसुदा चांगला आहे.

अबोली_से

क्लबच्या पत्रात एक ओळ वाढवा: "हा निरोप गटाबाहेर पुढे पाठवू नये, आणि त्या गृहस्थांपर्यंत पोचला की काढून टाकावा." अ‍ॅडमिन कामाच्या दिवशी संध्याकाळी लिहिलेलं लवकर वाचतात. रविवारी सकाळी सगळे लांब धावायला गेलेले असतात.

शाल्मली_ग

तिन्ही बदल केले. आयोजकांचं सोमवारी पाठवते, क्लबचं मंगळवारी संध्याकाळी. क्लबच्या गटात स्वयंसेवकही असतील, तर त्यांच्या समन्वयकाला वेगळं लिहायला हवं का?

मेधा_सहभागी_कक्ष

आत्ता नको. क्लबकडून "आमच्यातलं कोणी नव्हतं" असं आलं तर मग सोळाव्या किलोमीटरजवळच्या पाण्याच्या टेबलाच्या समन्वयकाला लिहा. एकाच वेळी तिघांना लिहिलं की तिघंही दुसरा बघेल म्हणून सोडून देतात.